भाडेवाढीचा निरोप आणि त्याचे उत्तर

भाडेवाढीची सूचना आता बहुधा मोबाइलवर येते, आणि भाडेकरू तिचा स्क्रीनशॉट एखाद्या जाणकाराला धाडून एवढेच लिहितो की, ‘याला जरा चांगले उत्तर लिहून द्या, संबंध बिघडायला नकोत.’ या विनंतीत काय हवे आहे ते कुठेच येत नाही. वाढ नाकारायची आहे, कमी करून घ्यायची आहे की घर सोडण्यासाठी मुदत मागायची आहे, हे ठरल्याशिवाय लिहिलेले उत्तर कितीही नम्र असले तरी मालकाच्या दृष्टीने ती मूक संमतीच ठरते.

पुण्यातील एका सदनिकेचे कल्पित उदाहरण घेता येईल. स्क्रीनशॉटमध्ये एकच ओळ आहे: ‘पुढच्या महिन्यापासून भाडे २१,००० राहील, मेंटेनन्सचे नंतर बघू.’ शेजारी वेळ दिसते, परंतु तारखेची पट्टी वर कापली गेली आहे, त्यामुळे ‘पुढचा महिना’ कोणता हे चित्रावरून सांगता येत नाही. म्हणून तारखेसह, पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसेल असा संपूर्ण संवाद पुन्हा मागवणे हे पहिले काम होय. तरीही मालकाने काय मागितले एवढेच त्यातून कळते. त्याला काय मागता येते, हे करारात शोधावे लागते.

महाराष्ट्रात हा करार प्रायः ‘लिव्ह अँड लायसन्स’ या प्रकारचा असतो, म्हणजे जागेचा ताबा व हक्क मालकाकडेच राहून राहणाऱ्यास ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार तो लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते; नोंदणी नसल्यास अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाच्या तोंडी आश्वासनांवर विसंबणाऱ्यांना हे कलम सहसा ठाऊक नसते.

उदाहरणातील करार १ जून २०२५ पासून २४ महिन्यांचा असून पहिल्या वर्षी मासिक शुल्क १८,००० रुपये व दुसऱ्या वर्षी त्यात पाच टक्के वाढ, असे त्यात नमूद आहे. निरोप मे २०२६ मध्ये आला, हे पूर्ण संवादावरून कळले. अर्थात १ जूनपासून देय रक्कम १८,९०० होते आणि मालकाची मागणी तिच्याहून दरमहा २,१०० रुपयांनी अधिक आहे. सबंध वाढीला विरोध केला तर करारातील पाच टक्केही नाकारल्यासारखे होऊन भाडेकरूच करारभंगाचा धनी ठरतो, तेव्हा वाद या २,१०० रुपयांपुरताच ठेवावा. हे पैसे देखभालीचे आहेत का, हेही विचारावे. कारण भाड्याने दिलेल्या घरासाठी गृहनिर्माण संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते आणि काही मालक ते भाड्यात मिसळतात.

यावरून उत्तर असे तयार होते: ‘आपला निरोप मिळाला. नोंदणीकृत करारातील शुल्काच्या कलमानुसार १ जून २०२६ पासून मासिक शुल्क १८,९०० रुपये होते व ते नियमित भरले जाईल. त्यावरील २,१०० रुपये कोणत्या कलमाखाली आहेत, ते कृपया लेखी कळवावे. कराराची मुदत ३१ मे २०२७ रोजी संपते. त्यानंतरच्या दराविषयी त्याआधी दोन महिने बोलता येईल.’ यात रागाचा शब्द नाही, आणि ‘परवडत नाही’ ही तक्रारही नाही, कारण परवडण्याचा मुद्दा काढताच चर्चा कराराऐवजी दयेवर येऊन थांबते. जूनमध्ये २१,००० रुपये भरून मागाहून हरकत घेणेही अंगाशी येते. बँकेच्या नोंदीतील ती रक्कम पुढे संमतीचा पुरावा म्हणून दाखवली जाऊ शकते.

हेच उत्तर मुदत संपलेल्या करारात मात्र चालत नाही. दहा टक्क्यांहून अधिक वाढ बेकायदा असते, हा समज सार्वत्रिक असला तरी दहा टक्के हा केवळ रिवाज आहे. आणि अधिनियमाच्या कलम ११ मधील वर्षाला चार टक्के वाढीची तरतूद नियंत्रित भाडेकरूंसाठी आहे, परवानाधारकांसाठी नव्हे. मुदतीनंतर मालक हवा तो दर सांगू शकतो, आणि राहणारा घर न सोडता तेथेच राहिला तर कलम २४ नुसार ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. अशा वेळी कलमांचा हवाला न देता नव्या दराची वाटाघाट करावी किंवा घर रिकामे करण्याची निश्चित तारीख आणि अनामत रकमेच्या परताव्याचा दिवस एकाच निरोपात लेखी ठरवून घ्यावा.