विकलनापूर्वीची एक ओळ
(मार्गदर्शन वर्गातील विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अकरावी-बारावीच्या मुलांना विकलन, म्हणजे तुम्ही ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणता ते शिकवताना एक गोष्ट आमच्या नेहमी ध्यानात येते. x⁵ चे विकलन विचारले की सारा वर्ग एका सुरात 5x⁴ म्हणतो. √x विचारले की निम्मा वर्ग गप्प होतो, आणि 1/(3x²) विचारले की चार बाकांवरून चार उत्तरे येतात. नियम तर तिन्ही ठिकाणी तोच आहे. मग अडते कुठे? अडते ते विकलनात नव्हे, त्याच्या आधीच्या ओळीत. आज त्या एका ओळीविषयीच आम्ही बोलणार आहोत.

घाताचा नियम असा: xⁿ चे विकलन n·xⁿ⁻¹. घातांक खाली उतरवून पुढे गुणायचा आणि वर त्यातून एक वजा करायचा. हा नियम फक्त एकच रूप ओळखतो. खाली x आणि वर एखादी ठरावीक संख्या. वर्गमूळाचे चिन्ह त्याला कळत नाही, छेदात बसलेला x ही कळत नाही. म्हणून पुष्कळ मुले 1/x² पाहून फक्त छेदावर नियम चालवतात आणि 1/(2x) असे उत्तर लिहितात. नियम पाठ असतो, तो लावायची जागा चुकते.

तेव्हा आधी रूप बदलायचे. ते कसे बदलते हे पाठ करण्याऐवजी समजून घेतले तर विसरणार नाही. घातांकांचा जुना नियम आठवा: पाया सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते. आता √x ला √x ने गुणले की x येतो, म्हणजे x¹. दोन सारख्या घातांकांची बेरीज 1 व्हायची असेल तर प्रत्येक घातांक 1/2 असलाच पाहिजे. म्हणून √x म्हणजे x^(1/2). घनमूळ तीनदा गुणावे लागते, म्हणून ते x^(1/3). छेदाचेही तसेच. 1/x² ला x² ने गुणले की 1 येतो, आणि 1 म्हणजे x⁰. दोनात काय मिळवले म्हणजे शून्य होईल? उणे दोन. म्हणून 1/x² म्हणजे x⁻². न्यूटनने १६७६ साली लाइब्निझकरिता लिहिलेल्या पत्रात मुळांसाठी अपूर्णांक घातांक आणि व्यस्तांसाठी उणे घातांक आपण वापरतो, असे मुद्दाम समजावून सांगितले होते. त्या काळच्या मोठ्या गणितज्ञालाही ते सांगावे लागत होते. मग आपल्याला थोडा वेळ लागला तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता √x चे विकलन करू. घातांक 1/2 पुढे येतो, वर 1/2 − 1 म्हणजे −1/2 राहतो:

(1/2)·x^(−1/2) = 1/(2√x)

खरे-खोटे करून पाहायचे असेल तर x = 4 घ्या. सूत्र सांगते की तेथे वाढीचा दर 1/4, म्हणजे 0.25 आहे. कॅल्क्युलेटरवर √4.1 काढा, 2.0248 येते. x फक्त 0.1 ने वाढला, वर्गमूळ 0.0248 ने वाढले. भागाकार 0.248. सूत्राच्या अगदी जवळ.

उणे घातांकात एक वेगळीच घसरण होते. x⁻² मध्ये एक कमी करा म्हटले की मुले x⁻¹ लिहितात, कारण दोनातून एक गेला की एक उरतो ही लहानपणापासूनची सवय. येथे उणे दोनातून आणखी एक जायचा आहे, म्हणजे उणे तीन. x⁻² चे विकलन −2x⁻³. वजाबाकी मनातल्या मनात न करता −2 − 1 असे कागदावर लिहावे.

पण सर्वांत जास्त गुण जातात ते स्थिर संख्येपायी. 1/(3x²) हे 3x⁻² असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात भेटतात. छेदातला x वर आला, मग 3 ही वर यायला हवा, असे त्यांना वाटते. पण उणे घातांक केवळ x चा आहे, 3 चा नाही. 3 छेदातच राहतो:

1/(3x²) = (1/3)·x⁻²
विकलन: −(2/3)·x⁻³ = −2/(3x³)

ही चूक पकडायला विकलनाचीही गरज नाही. रूप बदलल्याबरोबर x च्या जागी 2 घालून दोन्ही बाजू पाहा. मूळ पदाची किंमत 1/12. 3x⁻² ची किंमत 3/4. दोन्ही एकच पद असते तर किमती वेगळ्या आल्या नसत्या. वर्गमूळ असेल तर 4 घाला, घनमूळ असेल तर 8 घाला, हिशेब सोपा जातो. 1 मात्र घालू नका. 1 चा कोणताही घात 1 च असतो, त्यामुळे चुकीचा घातांकही त्याच्यापुढे खपून जातो.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ:

y = (x + 4)/√x

येथे वरचे विकलन वर आणि खालचे खाली मांडण्याचा मोह होतो. तसे केले तर उत्तर 2√x येते. ते बाजूला ठेवा, थोड्या वेळाने त्याची परीक्षा घेऊ. छेदात एकच पद आहे, म्हणून अंशातील प्रत्येक पदाला त्याने वेगळे भागता येते. x ला x^(1/2) ने भागले की घातांकांची वजाबाकी होऊन x^(1/2) उरतो, आणि 4 च्या खालचा √x उणे घातांक घेऊन वर येतो:

y = x^(1/2) + 4x^(−1/2)

हीच ती आधीची ओळ. आता नियम दोनदा लावायचा:

dy/dx = (1/2)·x^(−1/2) − 2x^(−3/2)

दुसऱ्या पदात 4 गुणिले −1/2 म्हणजे −2, आणि −1/2 − 1 म्हणजे −3/2. x = 4 घातले तर पहिले पद 1/4. दुसऱ्यात 4^(3/2) म्हणजे वर्गमूळ 2 चा घन 8, म्हणून 2/8, तेही 1/4. दर शून्य! म्हणजे x = 4 पाशी y ना चढता ना उतरता. कॅल्क्युलेटर घ्या. x = 4 ला y बरोबर 4 आहे, 3.9 ला 4.0003 आणि 4.1 लाही 4.0003. दोन्हीकडे किंचित चढ, मध्ये तळ. बाजूला ठेवलेले 2√x मात्र येथे 4 हा दर सांगते. ते खरे असते तर 4.1 ला y सुमारे 4.4 झाला असता.

ही युक्ती कोठे थांबते तेही सांगितले पाहिजे. छेदात बेरीज असेल, जसे 1/(x + √x), तर तो छेद फोडता येत नाही. 1/x + 1/√x असे लिहिणे चूक आहे. √(x² + 1) हे (x² + 1)^(1/2) असे लिहिता येते, पण घाताखाली नुसता x नाही, म्हणून नुसता हा नियम पुरत नाही. तेथे साखळी नियम लागतो. √(5x) मात्र घाबरण्यासारखे नाही, ते √5·x^(1/2) आहे आणि √5 ही निव्वळ संख्या म्हणून पुढे उभी राहते. शिवाय x = 0 पाशी √x चा दर विचारू नये. 1/(2√x) मध्ये तेथे छेद शून्य होतो, आणि √x चा आलेख काढून पाहिला तर तो त्या टोकाला सरळ उभा चढताना दिसतो.

घरी करून पाहण्यासाठी एकच गणित देतो: y = 6√x − 5/(2x³). आधी फक्त रूप बदलून आणा आणि x = 4 घालून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहा. विकलन पुढच्या वर्गात फळ्यावर करू.