प्रवासातील मुलांची शिदोरी

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यास सहकुटुंब निघणाऱ्यांना काही गाड्यांत दोन रात्री आणि मधला संपूर्ण दिवस काढावा लागतो. तेव्हा शिदोरीची तजवीज करताना पदार्थातील ओलावा हाच मुख्य शत्रू मानावा. गुळाच्या दशम्या या दृष्टीने मला सर्वोत्तम वाटतात. मुले त्या आवडीने खातात, हेही काही थोडे नव्हे. दुधात गूळ विरघळवून त्यातच, पाण्याचा थेंबही न घालता, कणीक घट्ट भिजवावी, आणि तूप सोडून दोन्ही बाजू मंद आचेवर खरपूस भाजाव्यात. तथापि खरी दक्षता पुढेच आहे: गरम दशम्या एकावर एक रचून डबा बंद केल्यास कोंडलेल्या वाफेचे पाणी होते आणि त्या लवकर आंबतात, म्हणून त्या फडक्यावर सुट्या पसरून पूर्ण निवू द्याव्यात. सोबत दाण्याची कोरडी, बेताच्या तिखटाची चटणी असावी. कांदा, बटाटा वा ओला नारळ घातलेले जिन्नस पहिल्या रात्रीच संपवावेत. दशमी चिकट लागली किंवा आंबूस वास आला, तर ती मुलांना मुळीच देऊ नये.