पोळी कडक का होते, वातड का होते?



पोळी बिघडते ती दोन तऱ्हांनी. एक पोळी कडक होते. दुमडली की घडीवर चिरते, आणि दुपारी डबा उघडेपर्यंत तिच्या कडा पापडासारख्या झालेल्या असतात. दुसरी मोडत नाही, उलट तोडायला गेलं की ताणली जाते, चावून चावून जबडा दुखतो. ती वातड. कडक पोळीत पाणी कमी पडलेलं असतं, किंवा भाजताना ते उडून गेलेलं असतं. वातड पोळीत पाणी बहुधा बरोबर असतं, पण कणकेला निवांतपणा मिळालेला नसतो. म्हणून एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. वातड पोळीवर जास्त तेल घालून फारसा उपयोग होत नाही, आणि कडक पोळीची कणीक तासभर झाकून ठेवली तरी कमी पडलेलं पाणी काही आपोआप येत नाही.

आधी पाण्याचं बघू. गव्हाच्या पिठात प्रथिनं असतात. पाणी लागून मळलं गेलं की ती एकमेकांत गुंतून चिवट जाळं तयार करतात. त्याला ग्लुटेन म्हणतात. पोळी लाटता येते, फुगते, ती या जाळ्यामुळे. पण पाण्यावर हक्क सांगणारं पिठात ते एकटंच नसतं. गिरणीच्या जात्यात दळताना स्टार्चचे बरेच कण फुटतात, आणि फुटलेला कण अख्ख्या कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो. शिवाय आपल्या पिठात कोंडा असतो. तोही पाणी पितो, पण सावकाश. त्यामुळे परातीत हाताला बरोबर वाटलेली कणीक वीस मिनिटांनी घट्ट झालेली आढळते. पाणी कुठेही गेलेलं नसतं, ते कोंड्यात मुरलेलं असतं.

म्हणूनच कणीक भिजवताना ती हवी त्यापेक्षा किंचित सैल ठेवायची. गिरणीतून दळून आणलेलं पाव किलो पीठ घेतलं तर त्याला साधारण 165 ते 180 मिलिलिटर पाणी लागतं. त्यात पाव चमचा मीठ, चमचाभर तेल. आठ-नऊ पोळ्या होतात. पाण्याचा आकडा गव्हाप्रमाणे आणि दळण्याप्रमाणे हलतो, त्यामुळे शेवटचे दोन-तीन चमचे पाणी हातात राखून ठेवावं. सुरुवातीला कणीक बोटांना थोडी चिकटली तर लगेच वरून कोरडं पीठ भुरभुरवायची घाई करू नये. पुष्कळशा कडक पोळ्यांचं मूळ त्या जास्तीच्या मुठीत असतं.

आता विश्रांती. नुकतीच मळलेली कणीक अंगठ्याने दाबून बघा. खड्डा लगेच भरून येतो. अशा कणकेची पोळी लाटायला घेतली की ती पोळपाटावर परत आक्रसते. तुम्ही ती कडेकडेने ओढता, मधे जाड, कडेला पातळ अशी होते, आणि लाटण्याचा जोर वाढतो तसं ते जाळं आणखीच ताणलं जातं. तीच कणीक झाकून वीस ते तीस मिनिटं ठेवली की दोन गोष्टी होतात. पाणी कोंड्यापर्यंत पोचतं, आणि मळताना ताणली गेलेली प्रथिनं सैल पडतात. आता अंगठ्याचा खड्डा हळूहळू, अर्धवटच भरतो. पोळी लाटण्याखाली पसरते आणि पसरलेली तशीच राहते.

पटत नसेल तर एकाच कणकेचे दोन भाग करा. एका भागाच्या दोन पोळ्या लगेच लाटा, दुसऱ्याच्या अर्ध्या तासाने, त्याच तव्यावर, त्याच आचेवर. दोन्ही गार होऊ द्या आणि मग तोडून बघा. गरम असताना फरक फारसा कळत नाही. गरम पोळी सगळ्यांचीच मऊ असते.

झाकण मात्र नीट हवं. ओलसर फडकं किंवा वरून तेलाचा हात. उघड्या कणकेवर पापुद्रा धरतो, तो पुन्हा मळताना विरघळत नाही आणि पोळीत टणक ठिपके होऊन राहतो. आणि विश्रांती म्हणजे जितकी जास्त तितकी चांगली, असंही नाही. मे महिन्यात ओट्यावर चार-पाच तास राहिलेली कणीक सैल, चिकट होते, आंबूस वासही येतो. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेली कणीक काळसर पडते. तो कोंड्यातल्या विकरांचा परिणाम.

पाणी किती गरम असावं, हा पुढचा प्रश्न. कोमट पाणी, म्हणजे बोट बुडवून आरामात ठेवता येईल इतपत, 40 ते 45 अंशांचं, पिठात लवकर मुरतं. डिसेंबरात नळाच्या गार पाण्याने भिजवलेल्या कणकेला अर्ध्याऐवजी पाऊण तास लागतो, तो वेळ कोमट पाण्याने वाचतो. उन्हाळ्यात साधं पाणीच बरं.

उकळतं पाणी ही वेगळीच गोष्ट आहे. गव्हाचा स्टार्च साठ-पासष्ट अंशांच्या पुढे फुगतो, शिजतो, आणि एरवी धरणार नाही इतकं पाणी धरून ठेवतो. ज्वारीच्या भाकरीला आपण गरम पाणी घालतो ते याचसाठी. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून पीठ धरून ठेवायचं काम शिजलेल्या स्टार्चकडून करून घ्यायचं. पण गव्हात तीच उष्णता ग्लुटेनचं काम बिघडवते. सगळी कणीक उकळत्या पाण्यात भिजवली तर पोळी मऊ होते खरी, पण लाटताना चिकटते, फाटते, आणि घडीच्या पोळीचे पदर सुटत नाहीत.

डब्यासाठी मधला मार्ग चांगला. त्याच पाव किलोतलं मूठभर पीठ, साधारण 60 ग्रॅम, वाडग्यात घेऊन त्यावर 90 मिलिलिटर उकळतं पाणी ओता आणि चमच्याने घोटा. लापशीसारखा गोळा होईल. तो कोमट झाला की उरलेल्या पिठात मिसळून साधारण तितक्याच साध्या पाण्याने, लागेल तसं घालत, भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. घडी घालता येण्याइतकं ग्लुटेन शाबूत राहतं, आणि शिजलेला भाग पाणी धरून ठेवतो. मला तरी तेल वाढवण्यापेक्षा हा उपाय जास्त पटतो.

एवढं करूनही तवा मंद असेल तर सगळं वाया. मंद आचेवर पोळी फुगण्याआधीच वाळते. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चरचरून पळायला हवा, आणि पोळी दीड मिनिटाच्या आत उतरायला हवी. पिठीही बेताचीच लावावी, उतरल्यावर जास्तीची झटकावी.

उरलेली पोळी फ्रीजमध्ये ठेवू नका. शिजलेला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट रचना धरतो, आणि फ्रीजच्या थंडीत हे सगळ्यात लवकर होतं. बाहेर, कापडात गुंडाळून डब्यात ठेवलेली पोळी रात्रीपर्यंत चालते. शिळी पोळी पाण्याचा हात लावून गरम तव्यावर टाकली की ती रचना सुटते, पोळी मऊ होते, पण खायची तेव्हाच, कारण थोड्या वेळात ती पहिल्यापेक्षा कडक होते. फोडणीच्या पोळीला मात्र कडक झालेलीच घ्या. ताजीचा कुस्करा कढईत गोळा होतो.