इसार, साठेखत आणि खरेदीखत

भगिनींनो, आपल्या नांदेडात काय किंवा लातुरात काय, बयाना देऊन पावती हाती आली की "प्लॉट घेतला" म्हणून पेढे वाटले जातात. वास्तविक त्या दिवशी घेतलेले असते ते केवळ वचन.

समजा, १२ लाखांच्या प्लॉटसाठी ५१ हजार इसार दिला. महिन्याभरात मालकाने जास्त भाव घेऊन तोच प्लॉट दुसऱ्याला रजिस्टर खरेदीखताने विकला. त्याने पूर्ण पैसे दिले असतील आणि आपला व्यवहार त्याला ठाऊकच नसेल, तर प्लॉट त्याचा. आपल्याला पावतीवर पैसे परत मागता येतात, फार तर नुकसानभरपाई. आणि आपणच विनाकारण माघार घेतली, तर इसार सहसा बुडतो!

साठेखत ही पुढची पायरी खरी. पण त्यानेही मालकी येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते. मालकी येते ती नोंदलेल्या खरेदीखताने. मात्र साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवले, तर शोध घेणाऱ्याला ते सापडते. मग "मला माहीत नव्हते" म्हणणे त्याला जड जाते. मालक टाळू लागला, तर खरेदीच्या ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि उरलेली रक्कम देण्यास आपण सदैव तयार होतो हेही दाखवावे लागते.

म्हणून पावतीतच सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, चतुःसीमा, पूर्ण किंमत व खरेदीची तारीख लिहून घ्यावी. "प्लॉटपोटी मिळाले" एवढीच ओळ असली, तर कोणता प्लॉट, येथूनच वाद सुरू होतो.