चौकोनी तरंगाचा हिशेब



पडद्यावर जी चौकोनी आकृती दिसत आहे, ती वाशिम, रिसोड, मालेगाव या बाजूला भारनियमनाच्या काळात ज्यांनी स्वस्त इन्व्हर्टर घेतले त्यांच्या कानांना परिचित आहे. वीज गेल्यावर छताचा पंखा जी घरघर करू लागतो, तिचे मूळ या आकृतीत आहे. तारेवरून येणाऱ्या विजेचा दाब सेकंदाला ५० वेळा साइन-तरंगाच्या डौलाने चढतो आणि उतरतो; इन्व्हर्टरचा दाबही तितकीच आवर्तने करतो, परंतु मधली चढण गाळून तो अर्धा काळ +१ वर आणि अर्धा काळ −१ वर सपाट राहतो.

असा कोनाकोनांचा संकेतही गुळगुळीत साइन-तरंगांची बेरीज असतो, हे प्रतिपादन फूरिएने १८०७ साली पॅरिसला मांडले तेव्हा लाग्रांजसारख्या गणितज्ञालाही ते रुचले नाही. घटक मात्र वाटेल ते चालत नाहीत. त्यांचीही पुनरावृत्ती त्याच मुदतीत व्हावयाची असल्यामुळे त्यांच्या वारंवारता ५०, १००, १५० हर्ट्झ अशा पटीतच असाव्या लागतात.

कोणता घटक किती, हे काढण्यासाठी मूळ संकेताला त्या घटकाने गुणावे, एका आवर्तनावर सरासरी घ्यावी आणि ती दुप्पट करावी. आता दुसरी स्लाईड पाहा. संकेत +१ असतो त्या अर्ध्या आवर्तनात ५० हर्ट्झच्या घटकाचा एकच उंचवटा बसतो. त्याची सरासरी ०.६४, म्हणून घटकाची उंची १.२७. शंभराचा एक उंचवटा वर आणि एक खाली, म्हणजे शिल्लक शून्य. दीडशेचे तीन बसतात, दोन वर व एक खाली. तेव्हा एकच उरतो, आणि तोही एक-तृतीयांश रुंदीचा, म्हणून ०.४२. त्याच न्यायाने अडीचशेचा ०.२५.

मूळ संकेत १ उंचीचा असता त्याचा घटक १.२७ कसा, ही शंका रास्त आहे. खुलासा असा की, सपाट माथ्याच्या मध्यभागी दीडशेचा घटक नेमका खाली असतो, अडीचशेचा वर, १.२७ − ०.४२ + ०.२५ − ०.१८ असे पुढे जात जात बेरीज १ वर स्थिरावते. कडेशी मात्र शिंगे निघतात. विद्यार्थी त्यांना आपल्या आकडेमोडीतील चूक समजून वही खोडतात, पण कितीही घटक घाला, ती अरुंद होत कडेला चिकटतात, एवढेच. उंची उडीच्या सुमारे ९ टक्क्यांवर कायम राहते.

पंखा फिरतो तो मुख्यतः ५० हर्ट्झच्या घटकावर. वरचे घटक त्याच्या वेटोळ्यात उष्णता आणि आवाज निर्माण करतात. यावर एक सोपी तजवीज आहे: प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा पहिला आणि शेवटचा षष्ठांश दाब शून्य ठेवावा. मग दीडशेच्या पहिल्या व तिसऱ्या उंचवट्याचा अर्धा-अर्धाच भाग उरतो, मधला उलटा मात्र पुरा राहतो, आणि बेरीज शून्य होते. अडीचशे व साडेतीनशे मात्र उरतात. म्हणून अशा इन्व्हर्टरवर पंख्याची घरघर कमी होते, थांबत नाही.