आधी गठ्ठे, मग नियम



पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना एक अनुभव नेहमी येतो. आदर्श उत्तर आपण घरी बसून लिहून ठेवलेले असते. पण पहिले वीस-पंचवीस पेपर चाळले की ध्यानात येते, मुलांनी प्रश्नाचा भलताच अर्थ घेतला आहे. मग गुणदानाची पद्धत बदलावी लागते. ग्राहकांच्या ई-मेलांचे वर्गीकरण करतानाही नेमके हेच घडते.

समजा, शेतीचे पंप विकणाऱ्या एका कारखान्याकडे तीन हजार ई-मेल साठले आहेत. कोणते कशाविषयी, याची नोंद कुणी केलेली नाही. व्यवस्थापक नियम करतो : पत्रात ‘बिल’ शब्द असला तर ते हिशेबखात्याकडे, ‘दुरुस्ती’ असला तर मेस्त्रीकडे. आता एक शेतकरी लिहितो, “मोटार नुसती घूं घूं करते, फिरत नाही.” दुसरा लिहितो, “बटण दाबले तरी मोटार उचलत नाही, गुंगत राहते.” दोन्ही पत्रांत ना बिल, ना दुरुस्ती. नियमांच्या चाळणीतून ती खाली पडतात आणि तशीच राहतात.

यावर उपाय असा, की नियम करण्यापूर्वी पत्रांचे आपोआप गठ्ठे पडू द्यावेत. त्यासाठी भाषेचे एक मॉडेल वापरतात. पुष्कळ मजकुरावरून शिकलेले हे मॉडेल प्रत्येक पत्राची एक आकड्यांची माळ करते. तिला ‘एम्बेडिंग’ म्हणतात. मराठीसह अनेक भाषा जाणणारी काही लहान मॉडेले पत्रामागे ३८४ आकडे देतात. या माळेला एखाद्या दिशेसारखे समजा. अर्थ जवळचा असला की दिशा जवळची, दोहोंमधला कोन लहान. म्हणून ‘फिरत नाही’ आणि ‘उचलत नाही’ ही पत्रे शब्द वेगळे असूनही शेजारी येतात.

पण त्याआधी पत्र साफ करावे लागते, बरे का! ‘महोदय’, सही, पत्ता आणि खाली चिकटलेले जुने उत्तर काढून टाकावे. तसे न केल्यास विषयाऐवजी सहीवरून गठ्ठे पडतात. शिवाय लहान मॉडेल लांब पत्राचा आरंभच वाचते, शेपूट सोडून देते. आणि आपल्याकडे खरी तक्रार बहुधा शेवटी असते! तेव्हा लांब पत्राचे तुकडे करून द्यावेत.

मग गठ्ठे पाडायचे. ‘के-मीन्स’ या रीतीत किती गठ्ठे हवेत ते आपणच सांगायचे असते. पाच सांगितले तर सगळ्या तक्रारी एकात कोंबल्या जातात; साठ सांगितले तर एकाच तक्रारीची चार शकले होतात. म्हणून दहा, वीस, तीस असे करून पाहावे. आरंभबिंदू बदलून पुन्हा पाडले तरी जो गठ्ठा टिकतो, त्यावर अधिक भरवसा ठेवावा. त्यानंतरचे काम मात्र माणसाचेच. प्रत्येक गठ्ठ्याच्या मध्याजवळची दहा आणि कडेची दहा पत्रे वाचावीत. मधली सारखी आणि कडेची भलतीच निघाली, तर गठ्ठा फोडावा. एका गठ्ठ्यात सगळी मराठी आणि दुसऱ्यात सगळी हिंदी पत्रे दिसली, तर समजावे की विषय नव्हे, भाषाच वेगळी काढली गेली आहे.

आमच्या उदाहरणात ‘घूं घूं’वाल्या पत्रांचा एक गठ्ठा निघेल. तो वाचणाऱ्या जाणत्या मेस्त्रीला लगेच शंका येईल, की तीनपैकी एक फेज गेला असावा. तशा स्थितीत बटण दाबत राहिले तर वाइंडिंग जळते. म्हणजे या शेतकऱ्याला आठ दिवसांनी मेस्त्री पाठवण्याआधी तत्काळ उत्तर हवे : “मोटार बंद करा, आधी तिन्ही फेज तपासा.” हा वर्ग व्यवस्थापकाच्या यादीत नव्हताच. तो आता नाव देऊन मांडता येतो आणि त्याचा नियमही लिहिता येतो. तो नियम बाजूला ठेवलेल्या, गठ्ठ्यांत न घेतलेल्या दोनशे पत्रांवर तपासून पाहावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. ‘पैसे परत मिळाले’ आणि ‘पैसे परत मिळाले नाहीत’ ही पत्रे या रीतीने पुष्कळदा शेजारीच बसतात. विषय कळतो, पण होय की नाही हे नीट कळत नाही. आणि के-मीन्स प्रत्येक पत्राला कुठल्या तरी गठ्ठ्यात बसवतेच. ‘पंपाला हात लावताच शॉक बसला’ असे तीन हजारांत एकच पत्र असेल, तर ते गर्दीत दडून जाईल. ‘एचडीबीस्कॅन’ नावाची दुसरी रीत अशी न जुळणारी पत्रे बाजूला ठेवू शकते. त्या बाजूच्या ढिगाला ‘किरकोळ’ म्हणून बांधून ठेवू नये. तो आधी वाचावा. गठ्ठा मोठा की लहान यावरून तक्रारींची संख्या कळते, तक्रारीचे गांभीर्य कळत नाही.