ताळेबंदाची डावी आणि उजवी बाजू
(रौप्यमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



मला हिशोबावर बोलायला सांगितलंय. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे दुसरं येतही नाही.

मी खजिनदार झालो त्या वर्षी अहवालात शिलकी वर्ष दिसत होतं आणि लिफ्टचं बिल द्यायला खात्यात पैसे नव्हते. अनेकांना वाटलं, कुणीतरी पैसे खाल्ले. तसं नव्हतं. आपण मेंटेनन्सचं बिल काढलं की ते त्याच दिवशी उत्पन्नात धरलं जातं. सभासदाने भरो वा न भरो. न भरलेली रक्कम 'सभासदांकडून येणे' म्हणून ताळेबंदात उजवीकडे बसते.

सिंकिंग फंडाचंही तेच. उपविधीप्रमाणे जमिनीची किंमत सोडून फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के. आपला खर्च 4 लाख धरला, तर फ्लॅटमागे 1,000 रुपये. 40 फ्लॅटचे वर्षाला 40,000, दहा वर्षांत 4 लाख. डावीकडे फंड बरोबर 4 लाख होता. उजवीकडे त्याची एफडी मात्र 1,90,000 ची. उरलेले 2,10,000 कुठे? सहा फ्लॅटच्या थकबाकीत! म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी ठेवायच्या पैशातून आपण वीजबिल भरत होतो. अहवाल हातात आला की एवढंच बघा: डावीकडचा फंड आणि उजवीकडची एफडी जुळते का.

मग वसुली. इथे आमचीच चूक निघाली. तेव्हाच्या उपविधीप्रमाणे व्याज जास्तीत जास्त 21 टक्के होतं, तेही सरळव्याज. महिना 1,500 प्रमाणे वर्षभराचे 18,000 थकले, तर आमच्या क्लार्कने पूर्ण 18,000 वर वर्षाचं व्याज लावलं, 3,780. पण एप्रिलचं बिल बारा महिने थकलं, मार्चचं एकच महिना. एका बिलाचं महिन्याचं व्याज 26 रुपये 25 पैसे. 12 अधिक 11 असं 1 पर्यंत मोजलं की 78 महिने भरतात, आणि व्याज होतं 2,047 रुपये 50 पैसे. एका थकबाकीदाराने भर सभेत हे दाखवलं. राग आला, पण माणूस बरोबर होता.

सगळ्यांचे खातेउतारे नव्याने केले. पाच जणांनी हप्त्यांनी भरलं. काहींचं म्हणणं, सहाव्याचं पाणी तोडा. मी नको म्हटलं. त्याने आपणच अडचणीत आलो असतो. उपनिबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज केला. तेव्हा ते कलम 101 होतं, आता गृहनिर्माण संस्थांना 154-बी-29 आहे. सोबत खातेउतारा, बिलं, नोटिसा आणि ठराव लागतो. उताऱ्यात व्याज चुकलेलं असतं तर समोरच्याने तिथेच बोट ठेवलं असतं.

दाखला मिळाला, पैसे आले, आणि ते मी थेट एफडीत टाकले. लिफ्टवाला तेव्हाही दारात उभा होता. त्याला पुढच्या महिन्याच्या मेंटेनन्समधून दिले.